कोयता म्हणजे किती माणसे?

ऊसतोडीच्या धंद्यात कोयता हे हत्याराचे नाव आहे, तसेच ते माणसे मोजण्याचे मापही आहे. मुकादम कारखान्याला सांगतो, 'यंदा माझ्याकडे वीस कोयते आहेत.' त्याचा अर्थ वीस जोड्या, म्हणजे चाळीस माणसे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. उचल कोयत्यावर ठरते, हिशेब कोयत्यावर होतो, आणि टनामागे मिळणारा दरही कोयत्याच्या खात्यावर जमा होतो. उचल घेताना हात पुढे येतो तो बहुतेक वेळा नवऱ्याचा. सही किंवा अंगठाही त्याचाच.

आता समजा, या कामगारांवर कोणी प्रबंध लिहिला आणि संशोधनपद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य आले: 'नमुना निवडीत १२० कोयत्यांचा समावेश करण्यात आला.' वाक्य स्वच्छ आहे. धंद्यातला शब्द वापरला म्हणून संशोधकाचे कौतुकही होईल. मात्र मुलाखती किती झाल्या, हे विचारले तर उत्तर येते, १२०. कोणाच्या? प्रश्नावलीच्या पहिल्याच ओळीत 'कुटुंबप्रमुखाचे नाव' असे लिहिलेले असते, त्यामुळे १२० पुरुषांच्या. नमुन्यात माणसे २४० आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांशी कोणी बोललेलेच नाही. पुढच्या दोनशे पानांत 'कामगारांचे मत', 'कामगारांच्या आरोग्यविषयक सवयी', 'कामगारांची कर्जाविषयीची दृष्टी' अशी शीर्षके येत राहतात. त्यांतले एकही शीर्षक स्त्रियांना वगळत नाही. प्रत्येक शीर्षक व्याकरणाने निर्दोष आहे, आणि प्रत्येक खोटे आहे.

शोधलेखनातल्या पक्षपाताविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा इंग्रजीतून आलेल्या सूचनांवर चालते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने आपल्या नियतकालिकांसाठी लिंगभेदरहित भाषेच्या सूचना १९७७ मध्येच काढल्या होत्या. त्यांच्या लेखनशैलीच्या पुस्तकाची सातवी आवृत्ती २०१९ ची, आणि तिच्यात पक्षपातमुक्त भाषेवर आख्खे प्रकरण आहे. त्या सूचना चांगल्या आहेत. मात्र त्या इंग्रजीच्या अडचणींसाठी लिहिलेल्या आहेत. इंग्रजीत लिंग प्रामुख्याने सर्वनामात आणि काही नामांत दिसते, म्हणून तिथले उपायही सर्वनामांचे आणि नामांचे. ते उचलून मराठीत आणले की 'तो/ती उठतो/उठते व आपल्या कामावर जातो/जाते' असे वाक्य तयार होते. ते वाचवत नाही आणि त्याने काही साधतही नाही. मराठीत लिंग क्रियापदात असते, विशेषणात असते, आदरार्थी बहुवचनात असते. मराठी शोधलेखनातला पक्षपातही तिथेच असतो. नामे बदलून तो जात नाही, उलट अधिक खोल दडतो.

आधी मराठीच्या सोयी पाहू. वर्तमानकाळी बहुवचनात मराठी क्रियापद लिंग सांगत नाही. 'कामगार पहाटे उठतात, फडात जातात, ऊस तोडतात' यात स्त्री-पुरुष दोन्ही मावतात. 'ने' किंवा 'नी' लागलेल्या कर्त्याचेही तसेच. 'कामगारांनी सांगितले' या वाक्यावरून सांगणारे कोण हे कळत नाही. बोलीत तर याहून सुंदर व्यवस्था आहे: मिश्र गटासाठी आपण नपुंसकलिंगी बहुवचन वापरतो. 'नवरा-बायको दोघं फडावर गेली', 'सगळी माणसं जेवली.' कोणत्याही आजीला हे शिकवावे लागलेले नाही. लिहिताना मात्र आपण ते गावठी समजून 'दोघे गेले' करतो आणि बाईला पुल्लिंगात विरघळवून टाकतो. 'कामगार हा' अशी एकवचनी सुरुवात करण्याची प्रबंधांची सवय तर याहून वाईट. 'ऊसतोड कामगार हा पहाटे तीनला उठतो' असे लिहिले की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे पुरुषच उभा राहतो. मग त्याला जोडून 'त्याची पत्नी त्याला मदत करते' हे वाक्य आपोआप येते, कारण कर्त्याची जागा आधीच भरलेली असते.

म्हणजे तटस्थ लिहिणे मराठीत अवघड नाही. धोका नेमका तिथेच आहे. 'कामगारांनी सांगितले' हे वाक्य १२० पुरुषांच्या मुलाखतींवर लिहिता येते आणि ६० स्त्रिया व ६० पुरुषांच्या मुलाखतींवरही लिहिता येते. वाचणाऱ्याला फरक कळत नाही. आधी 'तो सांगतो' असे लिहिलेले असायचे तेव्हा निदान चोरी उघड होती. तटस्थ शब्दाने ती झाकली जाते. म्हणून प्रबंध तपासणाऱ्याने 'पुल्लिंगी रूपे काढून टाका' एवढाच शेरा मारला तर तो संशोधकाला चूक लपवण्याची सोय करून देतो. जिथे फक्त पुरुषांशी बोलणे झाले तिथे 'पुरुष कामगारांनी सांगितले' हेच बरोबर. प्रबंधाच्या शीर्षकातसुद्धा.

शब्दाने मोजणी कशी ठरते याचे सर्वांत कठोर उदाहरण शेतीतलेच आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शेती कसणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रिया होत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची संख्या ५,३१८ आहे. त्यांत स्त्रिया २११, म्हणजे चार टक्के. पुरुषांमध्ये आत्महत्येचे प्रमाण मुळातच जास्त असते, हे या फरकाचे एक कारण आहे आणि ते नाकारू नये. त्याच वर्षीच्या एकूण आत्महत्यांत मात्र स्त्रियांचा वाटा सुमारे २७ टक्के होता. तीस, सत्तावीस आणि चार, हे तीन आकडे शेजारी ठेवल्यावर नोंदीच्या रकान्याकडे पाहावेच लागते. त्याच अहवालात 'गृहिणी' असा वेगळा रकाना आहे आणि त्या वर्षी त्यात २३,१७८ नावे आहेत. सात-बाऱ्यावर नाव नसलेली, पण आयुष्यभर कापूस वेचलेली बाई पोलीस पंचनाम्यात कोण म्हणून लिहिली जाते? तिच्यासाठी 'गृहिणी' हा शब्द हाताशी तयार आहे. त्या २३,१७८ मध्ये अशा किती, हे त्या रकान्यातून काढता येत नाही. पण 'शेतकरी आत्महत्या हा प्रामुख्याने पुरुषांचा प्रश्न आहे' असे वाक्य या आकड्यांवरून जो लिहितो, तो शेताबद्दल लिहीत नाही. तो रकान्याबद्दल लिहितो आहे.

आता क्रियापदाकडे येतो. इथे जे घडते ते अधिक गंभीर आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये देशभर गाजला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांसाठी देशपातळीवरचा आकडा ३.३ टक्के होता. दोन्ही पाहण्यांतले वयोगट सारखे नाहीत, म्हणून थेट भागाकार करून 'पाचपट' असे लिहिणे चुकीचे ठरेल. तरीही फरक मोठा आहे, यात शंका नाही.

त्यानंतर या विषयावर जे लिहिले गेले त्यातले एक वाक्य वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटते: 'पाळीमुळे कामाचा खाडा होऊ नये म्हणून या महिला गर्भाशय काढून घेतात.' हे वाक्य सहानुभूतीने लिहिलेले असते. तरी त्यातले 'घेणे' पाहा. मराठीत मूळ क्रियापदाला 'घेणे' जोडले की ती क्रिया कर्त्याने स्वतःसाठी, स्वतःच्या सोयीने केली असा अर्थ होतो. केस कापून घेतले, कपडे शिवून घेतले. 'गर्भाशय काढून घेतले' म्हटले की दवाखान्यात जाऊन, विचार करून, आपल्या फायद्यासाठी तिने ते करवले, असे व्याकरणच सांगते. कात्री ज्याच्या हातात होती तो डॉक्टर त्या वाक्यात नाही. फडावर शौचालय आणि पाणी न देणारा कारखाना नाही. खाड्याचे पैसे कापणारा मुकादम नाही. बाई एकटीच आहे, आणि तिच्याजवळ एक विचित्र निर्णय आहे.

याच घटनेचे दुसरे वाक्य: 'या महिलांची गर्भाशये काढून टाकण्यात आली.' इथे कर्ताच नाही. कर्मणी प्रयोगाची ही रचना प्रबंधांना फार आवडते, कारण ती शास्त्रीय वाटते. पण जबाबदारी कोणाचीच उरत नाही आणि बाई नुसती वस्तू होते. तिसरे वाक्य: 'खासगी डॉक्टरांनी पैशासाठी या महिलांची गर्भाशये काढली.' इथे कर्ता सापडला. पण 'पैशासाठी' हा हेतू संशोधकाने डॉक्टरांच्या मनात शिरून पाहिला आहे का? आणि बाई पुन्हा बळी, तिला काही कळत नव्हते असे गृहीत धरलेले.

या तिन्ही वाक्यांत समूहाविषयीची एक ठरीव प्रतिमा आहे: पहिल्यात बाई हिशेबी, दुसऱ्यात मुकी, तिसऱ्यात भोळी. तिन्ही एकाच प्रबंधात शेजारी शेजारी आलेली दिसू शकतात, कारण लिहिणाऱ्याने क्रियापद निवडलेले नसते. क्रियापद सवयीने आलेले असते.

मग लिहायचे कसे? घटना तिच्या क्रमाने सांगायची. आधी तक्रार काय होती: पांढरे पाणी जाणे, अंगावरून जास्त जाणे, ओटीपोटात दुखणे. ती किती महिने होती. आधी कुठे दाखवले. शस्त्रक्रिया कोणी सुचवली आणि कोणत्या शब्दांत. 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' असे सांगितले गेले का? हे वाक्य अशा मुलाखतींत येत राहते आणि ते आले तर ते कोणी उच्चारले हे लिहिले पाहिजे. दुसरा काही उपाय सांगितला गेला का. निर्णय घरात कोणी घेतला. पैसे कुठून आले, उचलीतून की व्याजाने. नंतर किती दिवसांनी बाई परत फडावर गेली. प्रत्येक पायरीवर कर्ता वेगळा असतो, आणि मराठीला प्रत्येक कर्त्यासाठी स्वतंत्र क्रियापद देता येते. काही जणींनी खरोखर सगळा विचार करून, मुले झाली आहेत, त्रास सोसवत नाही, असे ठरवून शस्त्रक्रिया केली असेल. तिथे 'तिने काढून घेतले' हेच खरे, आणि तिथे तिचा निर्णय नाकारणे हाही पक्षपातच. 'घेणे' हे क्रियापद वाईट नाही. ते १३,८६१ जणींना सरसकट लावणे वाईट आहे.

सरसकटपणाचे आणखी एक फळ म्हणजे 'गर्भाशय नसलेल्या बायकांचे गाव' यासारखे मथळे. पाहणीतल्या सहापैकी पाच जणींची शस्त्रक्रिया झालेली नव्हती. वृत्तपत्राच्या मथळ्याला घाई असते असे म्हणून सोडून देता येईल, पण प्रबंधाच्या प्रस्तावनेत तो मथळा पार्श्वभूमी म्हणून येतो तेव्हा त्या तालुक्यातल्या प्रत्येक मुलीच्या कपाळी तो लागतो. स्थळ जुळवायला गेलेल्या माणसांना त्याची किंमत विचारावी.

इंग्रजी सूचनांत ज्याचा पत्ताच नसतो अशी एक गोष्ट मराठीत आहे, आणि मला ती सर्वांत जास्त खटकते. ती म्हणजे आदरार्थी बहुवचन. प्रबंधात डॉक्टर 'म्हणाले', कारखान्याचे अधिकारी 'सांगतात', तहसीलदार 'आले'. मुकादमालाही पुष्कळदा 'ते' मिळते. आणि जिची मुलाखत दोन तास घेतली, जिच्या कोपीत बसून चहा प्यायला, ती बाई 'म्हणाली', 'सांगते', 'रडली'. त्याच पानावर, त्याच परिच्छेदात. समोर बसून 'ताई, मावशी, तुम्ही' म्हणणारा संशोधक टेबलाशी बसल्यावर तिला 'ती' करतो. हे कोणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच ते सांगावे लागते. पस्तीस वर्षांच्या डॉक्टरला बहुवचन आणि पंचावन्न वर्षांच्या मजूर बाईला एकवचन, हा भेद वयाचा नाही. तो कशाचा आहे हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. शास्त्रीय लेखनात सर्वांना एकवचन चालेल, सर्वांना बहुवचनही चालेल. जे काही ठरवाल ते पहिल्या पानापासून सर्वांना सारखे लावायचे. 'त्या म्हणाल्या' लिहायला एक अक्षरही फार लागत नाही.

हाच भेद उद्धृतांत दुसऱ्या रूपाने येतो. बाईचे बोलणे जसेच्या तसे, 'म्या काय सांगू', 'लई तरास व्हता', असे बोलीत छापले जाते. डॉक्टरही मुलाखतीत बोलीच बोललेले असतात, मध्ये अर्धे इंग्रजी असते, वाक्ये तुटलेली असतात. पण छापताना त्यांचे बोलणे नीटस प्रमाण मराठीत येते: 'रुग्णांमध्ये जागरूकतेचा अभाव आढळतो.' वाचणाऱ्याच्या मनावर परिणाम काय होतो? एक जण विचार करून बोलतो आहे आणि दुसरी नुसती कण्हते आहे. बोली छापू नये असे मी म्हणत नाही. बोलीत जे नेमकेपण आहे ते प्रमाण भाषेत येत नाही, आणि 'पिशवी' या शब्दातली भीती 'गर्भाशया'त उतरत नाही. पण मग डॉक्टरांचेही ध्वनिमुद्रण तसेच्या तसे उतरवा, किंवा दोघांचेही प्रमाण भाषेत आणा आणि तसे पद्धतीच्या प्रकरणात नोंदवा.

समूहाविषयीची विधाने प्रबंधात शिरतात ती बहुधा पूर्वसाहित्याच्या आढाव्याच्या दारातून. 'ऊसतोड कामगारांमध्ये व्यसनाचे प्रमाण जास्त असते.' हे वाक्य समजा तुम्हाला दिसले, आणि पुढे कंसात एका लघुप्रबंधाचे नाव आहे. तो लघुप्रबंध उघडला तर तिथेही हेच वाक्य असते, त्यापुढे आणखी एका लेखाचे नाव. त्या लेखात ते वाक्य असते आणि कोणाचेच नाव नसते. या साखळीच्या तळाशी मोजणी नाही. मोजणी असती तर 'जास्त' या शब्दाला सोबती लागला असता: कोणापेक्षा जास्त? त्याच गावातल्या स्थलांतर न करणाऱ्यांपेक्षा? कारखान्यातल्या कायम कामगारांपेक्षा? विद्यापीठातल्या प्राध्यापकांपेक्षा? तुलनेचा दुसरा गट नसलेले 'जास्त', 'प्रामुख्याने', 'प्रवृत्ती आढळते' हे शब्द मोजणीचा आव आणतात, पण सांगतात ती लिहिणाऱ्याच्या वर्गात चालत आलेली समजूत. 'अज्ञानामुळे' हा शब्दही तसाच. कोणाला काय माहीत नव्हते हे विचारलेले नसते. त्यांनी वेगळे केले म्हणून त्यांना माहीत नसणार, एवढाच त्यामागचा तर्क असतो.

नकलेची ही साखळी किती लांब चालू शकते, याचा पुरावा याच मातीत आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ मध्ये गेला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. महाराष्ट्रात पारध्यांसह अनेकांच्या माथी तो शिक्का होता. कायदा गेला तरी त्याचे शब्द एका सरकारी पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिले. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातींचे संशयी उल्लेख आणि जातीवर कामे वाटण्याच्या तरतुदी टिकून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देऊन त्या घटनाबाह्य ठरवल्या. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षे. त्या नियमावल्या वापरणाऱ्या प्रत्येकाच्या मनात द्वेष होता असे नाही. प्रत्येकाने आधीच्या पुस्तकावर विश्वास ठेवला. 'पूर्वी यांना गुन्हेगार जमात म्हटले जाई' आणि 'ही पूर्वीची गुन्हेगार जमात' या दोन वाक्यांत एका क्रियापदाचे अंतर आहे. पहिल्यात म्हणणारा कोणी तरी आहे आणि तो चुकीचा असू शकतो. दुसऱ्यात गुन्हा जमातीच्या अंगाला चिकटला आहे.

गोड शब्दांनी यातले काही सुटत नाही. २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी 'गंगा भागीरथी' असा शब्द सुचवला आणि मोठा विरोध झाला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे बरोबर होते: नवऱ्याच्या मृत्यूवरूनच बाईची ओळख ठरवायची, फक्त तिला सोवळे नाव द्यायचे, याने काय बदलले? संशोधकापुढचा प्रश्न याहून साधा आहे. या अभ्यासात बाईचे वैवाहिक स्थान लागते का? कर्जाची जबाबदारी तिच्यावर कशी आली हे पाहायचे असेल तर लागते, आणि मग 'नवऱ्याच्या मृत्यूनंतर शेती पाहणाऱ्या स्त्रिया' हे लांब असले तरी नेमके आहे. उसाची मोळी किती किलोची असते हे मोजायचे असेल तर ती विवाहित की विधवा हा रकानाच नको. प्रश्नावलीतला 'इतर' हा रकानाही पुन्हा तपासावा. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची ओळख २०१४ मध्ये मान्य केली. त्यानंतरही 'पुरुष, स्त्री, इतर' असे छापून मोकळे होणे म्हणजे कोणाला तरी उरलेल्यांत टाकणे. 'स्वतःच्या शब्दांत लिहा' एवढी एक ओळ पुरते.

आता एक परिच्छेद घेऊन पाहू. तो कोणा एकाचा नाही. सवयीची वाक्ये जोडून मी तो रचला आहे:

'ऊसतोड कामगार हा प्रामुख्याने अशिक्षित व व्यसनाधीन असून तो पत्नी व मुलांसह दरवर्षी स्थलांतर करतो. पत्नी त्याला ऊसतोडीत मदत करते. खाडा होऊ नये म्हणून या महिला गर्भाशय काढून घेतात. अज्ञानामुळे त्यांना दुष्परिणामांची जाणीव नसते.'

पहिल्या वाक्यात 'हा' आणि 'तो' गेले पाहिजेत, पण त्यांच्या जागी काय येईल हे नमुन्यात कोण होते त्यावर अवलंबून आहे. 'अशिक्षित' आणि 'व्यसनाधीन' यांना आकडा हवा आणि तुलना हवी. नसेल तर ते शब्द काढायचे, कारण पुढच्या मुद्द्याशी त्यांचा संबंधही नाही. दुसऱ्या वाक्यातले 'मदत' वस्तुस्थितीला सोडून आहे. फडात एक जण ऊस तोडतो, दुसरे पाचट काढून मोळी बांधते, आणि मोळ्या डोक्यावरून वाहनापर्यंत नेण्यात दोघे असतात. मजुरी टनावर मिळते. जोडीतल्या एकाचे काम थांबले की टन भरत नाही. ज्याच्याशिवाय काम पुरे होत नाही त्याला मदत म्हणत नाहीत. तिसऱ्या वाक्याविषयी वर लिहिलेच आहे. चौथ्यातले 'अज्ञान' हे निष्कर्ष म्हणून आले आहे, पण ते कधी तपासलेले नाही.

तोच परिच्छेद पुन्हा लिहिताना आकडे केवळ उदाहरणादाखल घेतो:

'या अभ्यासात ४० जोड्या होत्या. त्यांतील ४० स्त्रिया व ३१ पुरुषांशी स्वतंत्रपणे बोलणे झाले. ९ पुरुष मुलाखतीच्या वेळी उपलब्ध नव्हते. तोडणी, मोळी बांधणे आणि वाहतूक ही कामे जोडीतील दोघे वाटून करतात. उचल मात्र ३८ जोड्यांत पुरुषाच्या नावे दिलेली होती. ४० पैकी ७ स्त्रियांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्यांतील पाच जणींनी सांगितले की डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत शस्त्रक्रिया सुचवली आणि कर्करोगाची शक्यता बोलून दाखवली. दोघी म्हणाल्या की निर्णय त्यांनी स्वतः घेतला. नंतरच्या त्रासाविषयी आधी काही सांगितले होते का, या प्रश्नाला सहा जणींनी नाही असे उत्तर दिले. संबंधित डॉक्टरांशी बोलता आले नाही.'

हा परिच्छेद लांब झाला आणि त्यात एकही ओघवते वाक्य उरले नाही. 'अज्ञाना'ची जागा 'आधी काही सांगितले होते का' या प्रश्नाने घेतली, आणि त्याबरोबर जबाबदारी बाईच्या डोक्यातून दवाखान्याच्या टेबलावर सरकली. शेवटच्या वाक्याने डॉक्टरांचीही बाजू राखली. नऊ पुरुष सुटले हेही दिसते. कोणी या आकड्यांवर शंका घेतली तर त्याला बोट ठेवायला जागा आहे. पहिल्या परिच्छेदात तशी जागाच नव्हती, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे नकलत जातो.

हे बदल प्रबंध लिहून झाल्यावर करता येत नाहीत. ४० स्त्रियांशी बोललेच नसेल तर कोणता शब्द त्यांना परत आणणार? म्हणून मार्गदर्शकाने प्रबंधाच्या भाषेवर लाल शाई चालवण्याआधी, फडावर जाण्याच्या आठवडाभर आधी, प्रश्नावलीचे पहिले पान मागून घ्यावे. तिथे 'कुटुंबप्रमुखाचे नाव' अशी ओळ असेल तर ती खोडून दोन ओळी कराव्यात, प्रत्येकीपुढे वय, आणि खाली एक प्रश्न: उचल कोणाच्या हातात दिली?